एका दिवसाचे दोन भाव

मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये मी गेली काही वर्षं मनुष्यबळ आणि पगार ही दोन्ही कामं सांभाळते. मनुष्यबळ हा शब्द फक्त माझ्या दाराच्या पाटीवर आहे. लोक मला पगाराच्या मॅडम म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. माझं मूळ गाव साताऱ्याकडचं. सकाळी आल्यावर दिवसाच्या कामांची यादी करायची, संध्याकाळी जाताना ती खोडून झालेली असली पाहिजे, असा माझा हिशेब. ज्या कामाबद्दल हे लिहिते आहे ते यादीत दोन आठवडे राहिलं, म्हणून ते आठवतं.

आमच्या हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाईंनी राजीनामा दिला, तेव्हा जून नुकताच लागला होता. या बाई मुळशीतल्याच. घरची भातशेती, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, नवरा शेत आणि भाडेकरू बघणारा. सहा वर्षांपूर्वी त्या खोल्या आवरणाऱ्या म्हणून लागल्या आणि दोन वर्षांत सुपरवायझर झाल्या. त्यांच्या हाताखाली अकरा बायका, सगळ्या त्यांना अक्का म्हणायच्या, मीही म्हणायची. वयाने त्या माझ्यापेक्षा लहान.

लवळ्याच्या टेकडीवर मोठाली विद्यापीठं आहेत. त्यातल्या एकाच्या मुलींच्या वसतिगृहात त्यांना अधीक्षिकेची जागा मिळाली होती. पगार आमच्याएवढाच, पण रविवारी सुट्टी. आमच्याकडे शनिवार-रविवार म्हणजे कामाचा कळस, आणि पावसाळ्यात तर पुण्यातून गाड्यांची रांग लागते. वसतिगृहाच्या अटी दोन होत्या. मुली यायच्या आत, म्हणजे सतरा दिवसांनी हजर व्हायचं, आणि येताना आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. पत्र नसेल तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार.

आमची नोटीस साठ दिवसांची. तेवढे दिवस काम करायचं, नाहीतर कमी पडलेल्या दिवसांचे पैसे भरायचे.

मी अंतिम हिशेबाचा कागद काढला आणि अक्कांना माझ्या खोलीत बोलावलं. इथे त्यांच्या पगाराची मांडणी सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

महिन्याचा एकूण पगार बत्तीस हजार. त्यात मूळ पगार चौदा हजार. घरभाडे भत्ता दोन हजार आठशे, प्रवासाचे सोळाशे, गणवेश धुण्याचे सहाशे. ही बेरीज एकोणीस हजार होते. उरलेले तेरा हजार विशेष भत्ता. हा विशेष भत्ता कशाबद्दल असतो, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे, कशाबद्दलही नाही. आधी माणसाशी एकूण आकडा ठरतो. मग मूळ पगार ठरतो, त्यावरून टक्केवारीने घरभाडं ठरतं, ठरावीक रकमेचे भत्ते बसवले जातात, आणि एकूण आकड्याला येण्यासाठी जे कमी पडतं ते या रकान्यात येतं. माझ्या संगणकावर त्या रकान्यात आकडा टाइपच करायचा नसतो, तिथे वजाबाकीचं सूत्र आहे. पगारवाढ झाली, तर आमच्याकडे ती मुख्यतः याच रकान्यात जाते. म्हणून सहा वर्षांत अक्कांचा मूळ पगार सरकारी किमान वेतन वाढेल तेवढाच वाढत आला, आणि विशेष भत्ता मात्र जवळजवळ त्याच्या बरोबरीला पोचला.

ही मांडणी मी येण्याआधी एका सल्लागाराने करून दिली होती. तशी ती जगावेगळी नाही. मी जिथे जिथे काम केलं, तिथे थोड्याफार फरकाने हेच.

अक्का आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. चष्मा आणला नव्हता म्हणून मी वाचून दाखवलं.

"तुमची शिल्लक रजा चाळीस दिवस. तिचे पैसे मिळतील. मूळ पगारावर, म्हणजे दिवसाला चारशे सदुसष्ट रुपये."

"बरं."

"नोटीस साठ दिवसांची. तुम्ही आजपासून सोळा दिवस काम करणार. चव्वेचाळीस दिवस कमी पडतात. ते भरावे लागतील. एकूण पगारावर, दिवसाला एक हजार सदुसष्ट."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि परत दिला. मग म्हणाल्या, "मॅडम, पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी माजा एक दिस तुमी मला देताना चारशे सदुसष्टाचा, आन् मी तुमाला देताना हजार सदुसष्टाचा? दिस तोच हाय न्हवं? का माज्या दिसाला पाय फुटत्यात मदीच?"

"धोरण तसं आहे अक्का. रजेच्या पैशांना मूळ पगार धरतात, नोटिशीला एकूण."

"कुनी केलं हे धोरन?"

"कंपनीने."

"तेच म्हनलं. म्या केलं असतं तर उलटं केलं असतं."

मला हसू आलं, त्याही हसल्या, पण कागद काही बदलला नाही. रजेचे अठरा हजार सहाशे सदुसष्ट आणि सोळा दिवसांचा पगार सतरा हजार सदुसष्ट त्यांच्या बाजूला. नोटिशीचे सेहेचाळीस हजार नऊशे तेहतीस कंपनीच्या बाजूला. म्हणजे आपला सोळा दिवसांचा पगार सोडून वर अकरा हजारांहून जास्त त्यांनीच आणून भरायचे, तेव्हा पत्र. ग्रॅच्युइटी वेगळी. तिला या हिशेबात हात लावता येत नाही. पण तीसुद्धा मूळ पगारावरच, आणि ती हातात पडणार नंतर.

"मॅडम, ह्यो तेरा हजाराचा विशेष भत्ता रजेत का धरत न्हाईत?"

"रजेच्या नियमात फक्त मूळ पगार लिहिलाय."

"आन् मला तर वाटायचं त्यो भत्ता शनवार-रैवारचा हाय."

"कोणी सांगितलं?"

"आधीचं म्यानेजर. सुपरवायझर केलं तवा म्या इचारलं, ह्यो कशाचा? ते म्हनलं, शनवार-रैवारचं समजा. म्हनून तर म्या कंदी शनवार-रैवारी रजा घेतली न्हाई. भाचीचं लगीन रैवारी हुतं, तवाबी जेवायच्या टायमाला गेले आन् परत आले. म्हनलं, येगळं पैसं घेतो आपन त्याचं. आपलं आपल्याला लाज नको का वाटायला?"

हे ऐकून मी कागद बाजूला ठेवला. चाळीस दिवस रजा शिल्लक का राहिली ते मला तेव्हा कळलं. एका वजाबाकीच्या सूत्राला या बाई कामाचा मोबदला समजल्या होत्या आणि तो प्रामाणिकपणे फेडत होत्या. आधीच्या मॅनेजरने फसवायचं म्हणून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यालाही तो रकाना कशाचा आहे हे माहीत नसावं. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून दिलं.

"तो कशाचाच नसतो अक्का. बाकीचं भरून उरतं ते तिथे टाकतात."

"व्हय?" त्या उठल्या. "मंग भाचीच्या लग्नात थांबले असते की वो."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना फोन केला. आमचे मालक पुण्यात राहतात, आठवड्यातून दोनदा येतात. हिशेबी माणूस आहे, पण समोरच्याचं ऐकून घेतो. मी म्हटलं, रजेचे पैसेही एकूण पगारावर देऊ या, किंवा नोटीसही मूळ पगारावर धरू या. दोन्हीकडे एकच भाव असावा.

"मॅडम, एका माणसासाठी धोरण बदलायचं नाही," ते म्हणाले. "रजा एकूण पगारावर दिली तर साठ माणसांच्या शिल्लक रजेची देणी एका दिवसात दुप्पट होतील. आपला सीए मला झोपू देणार नाही."

"मग नोटीस मूळ पगारावर."

"मग ऐन सीझनमध्ये लोक खुशाल पैसे भरून जातील. स्वस्त पडेल त्यांना."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, एवढंच की दोन्ही वेळा सोईचं होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते हसले आणि मग मोकळेपणाने बोलले.

"तुम्हाला माहीत आहे की. मूळ पगार वाढवला की त्याच्या शेपटीला बांधलेलं सगळं वाढतं. घरभाडं त्याच्या टक्क्यात, रजा त्याच्यावर, ग्रॅच्युइटी त्याच्यावर. आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर धरतात. आज मी अक्कांचा मूळ पगार वाढवला, तर त्यांची मागची सहाही वर्षं आज महाग होतात. विशेष भत्त्यात दिलं की त्या महिन्याचं त्या महिन्यात संपतं. माणसाच्या हातात पैसे तेवढेच पडतात, आणि माझ्यामागे शेपूट राहत नाही."

"पीएफचंही तेच होतं पूर्वी," मी म्हटलं.

"होतं. आता कोर्टाने सांगितलं ना, सगळ्यांना सरसकट दर महिन्याला मिळतो तो भत्ता धरायचा. आपण कायद्याच्या मर्यादेपर्यंत धरतोच. नवे कामगार कायदे पूर्ण लागू झाले की बाकीचंही बघू."

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. मालक म्हणत होते ते मला माहीत होतंच. पण असं एका दमात ऐकल्यावर एक गोष्ट नीट उमगली. पगाराच्या चिठ्ठीत दोन प्रकारचे पैसे असतात. एकांना आठवण असते, दुसऱ्यांना नसते. मूळ पगार आठवण ठेवतो, माणूस किती वर्षं होता, किती रजा राहिली, जाताना काय द्यायचं. विशेष भत्ता महिनाअखेरीला खात्यात जमा होतो आणि सगळं विसरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कामगारालाही तो आवडतो, कारण कापाकापी कमी होऊन हातात जास्त दिसतं. नोकरीला लागताना कोणी विचारत नाही की यातले आठवण ठेवणारे किती. विचारायला हवं हे मुळात कोणी सांगत नाही. मी नोकरीची पत्रं देते तेव्हा आकडे वाचून दाखवते, पण कुठला आकडा पुढे कशाला लागू होतो, हे सांगणं माझ्या कामाच्या यादीत नव्हतंच.

एवढं कळूनही काम अडलेलंच होतं. धोरणात भाव बदलत नव्हते आणि अक्कांचे दिवस कमी होत चालले होते. त्यांनी मला सांगितलं, पैसे भरणार नाही. "चोरी न्हाई केली म्या. सोळा दिस काम करनार आन् जानार. पत्र द्या, न्हाईतर ठेवा दप्तरात घालून." पण वसतिगृहातून रोज फोन येत होता हेही त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मार्ग सापडला तो चादरींच्या खोलीत. सोडून जाणाऱ्या माणसाच्या ताब्यातलं सामान मोजून घ्यावं लागतं. अक्कांच्या ताब्यात सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल. मी यादी घेऊन गेले, तेव्हा धुलाईवाल्याचा टेम्पो आला होता आणि अक्का त्याच्या माणसाशी भांडत होत्या.

"किलोचं नगं सांगू मला. तुज्या किलोत चादर वली असली की जड आन् वाळली की हलकी."

"अक्का, बिल किलोवरच होतं."

"बिल तुजं तू मालकाबरोबर कर. माज्याशी नगाला नग. शंभर चादरी नेल्यास, शंभर आन. माजं तुजं खातं वजनाचं न्हाई, नगाचं."

तो माणूस मुकाट्याने मोजायला बसला. आणि मी तिथे उभी राहून यादीत टॉवेल लिहिता लिहिता थांबले.

माझ्या कागदावर चाळीस दिवस रजा होती आणि चव्वेचाळीस दिवस नोटीस कमी पडत होती. मी रजेच्या दिवसांचे पैसे करत होते, नोटिशीच्या दिवसांचे पैसे करत होते आणि मग पैशातून पैसे वजा करत होते. पैसे करायला गेलं की भाव लागतो, आणि भाव दोन होते. दिवसातून दिवस वजा केले तर भाव लागतच नाही. नोटिशीच्या काळात शिल्लक रजा वळती करून घेणं ही काही मी शोधलेली गोष्ट नव्हे, पुष्कळ ठिकाणी वरिष्ठाच्या संमतीने करतात. आमच्या धोरणात तसं लिहिलेलं नव्हतं, पण नाही असंही लिहिलेलं नव्हतं. चाळीस गेले की उरले चार.

मालक त्या आठवड्यात आले, तेव्हा मी कागद समोर ठेवला.

त्यांनी तो बघितला. "म्हणजे रजेचे पैसे त्या सोडणार."

"हो. आणि आपण त्या चाळीस दिवसांची वसुली सोडणार."

"माझं नुकसान आहे यात. तुम्ही चारशे सदुसष्टची वस्तू मला हजार सदुसष्टला विकत घ्यायला लावता आहात."

"वसूल कसे करणार होता?"

"पत्र अडवून."

"पत्र अडवलं तर त्यांची तिकडची जागा जाते. जागा गेली तर त्या पैसे का भरतील? आपल्याला काहीच मिळत नाही. आणि या तालुक्यात उद्या बाई मिळणार नाही कामाला. अकराच्या अकरा जणी त्यांनी आणलेल्या आहेत."

त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. "मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"हिशेबाच्या. तुम्ही म्हणता दिवस हजार सदुसष्टचा. मी तेच धरलंय. फक्त तो त्यांच्या हातातही तेवढ्याचाच ठेवलाय."

"सगळे मागतील."

"मागतील. म्हणून लिहून टाकू. हंगामात नाही, इतर वेळी, आणि जाणाऱ्याने कामाची सूत्रं नीट दुसऱ्याच्या हाती दिली असतील तरच."

"अक्का तर हंगामातच चालल्यात."

"त्यांनी राजीनामा दिला तेव्हा हा नियमच नव्हता."

ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, चार दिवस उरतात ते मात्र भरू देत, तेवढं माझं राहू दे. मी म्हटलं, चार हजार दोनशे सदुसष्ट, त्या पगारातून वळते करून घेईन. त्यांनी सही केली. सही करून झाल्यावर पेन खाली ठेवत ते म्हणाले, "पण मूळ पगाराला हात लावायचा नाही." आणि तो त्यांनी खरंच लावू दिला नाही. अजूनही नाही. नवे कायदे आले तरी जेवढं करावं लागेल तेवढंच करतील. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मी स्वतःला अजून दिलेलं नाही.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या चादरींच्या खोलीतच होत्या. आधी त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग विचारलं, "म्हंजी चार दिसाचं पैसं कापनार?"

"हो."

"कापा. येवढं तर कापाच. न्हाईतर मालकाला त्या रात्री झोप याची न्हाई."

त्या वेळेवर हजर झाल्या. पत्र मी स्वतः टाइप केलं. जाताना मी त्यांना म्हटलं, नव्या ठिकाणचं नेमणूकपत्र नीट वाचा. मूळ पगार किती, रजेचे पैसे कशावर, नोटीस कशावर, तीन प्रश्न विचारा. त्यांनी ते तीन प्रश्न माझ्या आवाजात मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतले.

मालकांचं धोरण जागेवर राहिलं, आणि माझं एक नवं काम सुरू झालं. आता मी नव्या माणसाला पत्र देताना पेन्सिलीने दोन रकान्यांभोवती गोल काढते आणि सांगते, याला आठवण आहे, याला नाही. बरेच जण मान डोलावतात आणि खालचा एकूण आकडा बघतात. एकदोघांनी मूळ पगार वाढवून मागितला. मालकांनी दिला नाही, पण मागितला हे त्यांना कळलं.

जुलै संपत आला होता तेव्हा अक्कांचा फोन आला. मागे पावसाचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज.

"मॅडम, हितंबी तसंच हाय बघा. विशेष भत्ताच मोटा. ते तीन प्रश्न म्या इचारलं. तिथला सायेब म्हनला, हे कुनी इचारत न्हाई."

"मग उत्तर काय दिलं?"

"तुमच्यावानीच. रजा मूळ पगारावर, नोटीस सगळ्या पगारावर. सही केली म्या. नोकरी तर कराया पायजे. पन एक इचारू का? रजा साठवून ठेवली तर तिचं चारशे आन् काई मिळत्यात. आन् रजा घेतली तर? त्या दिसाचा पगार कापत न्हाईत न्हवं?"

"नाही. घेतलेल्या रजेला पूर्ण पगार. भत्त्यासकट."

"हां. मलाबी तसंच वाटलं." पलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. "आलेऽऽ! मॅडम, ठेवते. म्हायेरी रिह्याला भावाकडं आलेय, भाताची आवणी चाललीया. आज बुधवार हाय, पगारी रजा टाकून आलेय म्या."